ग्रहाजवळून गेल्यावर यानाचा वेग वाढतो, तो नेमका कुठून येतो?

प्रश्न: यान ग्रहाजवळ येताना गुरुत्वाकर्षणामुळे वेग घेतं हे समजलं. पण दूर जाताना तेच गुरुत्वाकर्षण त्याला मागे ओढणार, म्हणजे मिळालेला वेग परत जाणार. मग ग्रॅव्हिटी असिस्टमध्ये शेवटी फायदा होतो तो कसा? गुरूचं उदाहरण घेऊन आकड्यांसकट सांगाल का? आणि प्रत्यक्षात नेम कसा धरतात, चुकला तर काय होतं?

उत्तर:

तुमची शंका बरोबर आहे, आणि तिचं उत्तर ती शंका खोडून काढण्यात नाही. येताना जितका वेग मिळतो तितकाच जाताना जातो, हे शंभर टक्के खरं आहे, पण गुरूवर बसून पाहणाऱ्याला. त्याच्या दृष्टीने यान लांबून ज्या वेगाने आलं त्याच वेगाने लांब निघून गेलं. बदलली ती फक्त दिशा. फायदा दिसतो तो सूर्याच्या बाजूने पाहिल्यावर, कारण गुरू स्वतः सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने पळतो आहे. पळणाऱ्या वस्तूच्या संदर्भात नुसती दिशा वळली तरी, स्थिर उभ्या असलेल्याला वेग बदललेला दिसतो.

हे डोळ्यांसमोर आणायला चाकांची एक ढकलगाडी घ्या आणि तिच्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली एक गुळगुळीत पन्हळ आडवी बसवा, दोन्ही तोंडं पुढच्या बाजूला. वाटेत जमिनीवर एक गोटी स्थिर ठेवली आहे. गाडी सेकंदाला ३ मीटर वेगाने येते आणि गोटी पन्हळीच्या एका तोंडातून आत शिरते. गाडीवर बसलेल्याला काय दिसतं? गोटी समोरून ३ च्या वेगाने आली, वळसा घेतला आणि दुसऱ्या तोंडातून ३ च्याच वेगाने पुढे निघून गेली. घर्षण नाही असं धरलं तर त्याच्या हिशेबात काहीच कमी-जास्त नाही. पण जमिनीवर उभ्या असलेल्याला मघाशी स्थिर असलेली गोटी आता सेकंदाला ६ मीटर वेगाने पळताना दिसते: गाडीचे ३ आणि गाडीच्या पुढे जाण्याचे ३. गोटीला कुणी ढकललं? पन्हळीच्या वळणाच्या भिंतीने. आणि तेवढ्याच बळाने गोटीने गाडीला मागे रेटलं, त्यामुळे गाडी जराशी मंदावली. ग्रॅव्हिटी असिस्टमध्ये पन्हळीची भिंत नाही, गुरुत्वाकर्षण आहे. बाकी सगळं हेच.

आता आकडे. मी मुद्दाम सगळ्यात कमी ऊर्जेचा मार्ग घेतो, म्हणजे आतल्या टोकाला पृथ्वीच्या आणि बाहेरच्या टोकाला गुरूच्या कक्षेला जेमतेम टेकणारी लंबवर्तुळाकार कक्षा. याला होमान मार्ग म्हणतात. या मार्गावर यान पृथ्वीची कक्षा सोडतं तेव्हा सूर्याच्या संदर्भात त्याचा वेग सेकंदाला ३८.६ किलोमीटर असतो. तिथून पुढची सगळी वाट सूर्याच्या ओढीविरुद्धची, म्हणजे चढण. सुमारे पावणेतीन वर्षांनी यान गुरूच्या कक्षेपर्यंत पोचतं तेव्हा त्याचा वेग ७.४ वर आलेला असतो. दिशा गुरूच्या दिशेशी समांतर. गुरूचा वेग १३.०६. म्हणजे यान गुरूला गाठत नाही, गुरूच मागून येऊन यानाला गाठतो. गोटी आणि ढकलगाडी.

गुरूवरून पाहिलं तर यान समोरून, म्हणजे गुरू जिकडे चालला आहे तिकडून, १३.०६ वजा ७.४१ म्हणजे जवळजवळ ५.६४ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने येतं आहे. गुरूचा प्रभाव जाणवण्याआधीचा हा वेग. हिशेबात याला `v∞` लिहितात. ग्रहाजवळून जाण्याचं, म्हणजे फ्लायबायचं, सगळं गणित या एका आकड्यावर उभं असतं.

यान गुरूच्या केंद्रापासून गुरूच्या दहा त्रिज्यांवरून, म्हणजे सुमारे ७ लाख १५ हजार किलोमीटरवरून जाईल असं ठरवू. व्हॉयेजर २ सुद्धा ९ जुलै १९७९ रोजी साधारण याच टापूतून गेलं होतं. सगळ्यात जवळच्या बिंदूला यानाचा गुरूच्या संदर्भातला वेग १९.६५ होतो. ५.६४ वरून १९.६५! बहुतेक लोक हाच फायदा समजतात. पण हा उसना वेग आहे. दूर जाताना तो पूर्ण परत द्यावा लागतो आणि लांब गेल्यावर पुन्हा ५.६४ च उरतो. उरते ती वळलेली दिशा, आणि ती किती वळली हे या सूत्राने काढतात:

```
sin(δ/2) = 1 / (1 + rp·v∞²/μ)

rp = 714920 km      (केंद्रापासून सर्वात कमी अंतर)
v∞ = 5.643 km/s
μ  = 1.267e8 km³/s² (गुरुत्व स्थिरांक × गुरूचं वस्तुमान)
```

यातून वळणाचा कोन `δ` जवळजवळ ११६ अंश येतो. यान गुरूच्या मागच्या दिशेने जात होतं, म्हणजे गुरूच्या चालीच्या दिशेपासून १८० अंशांवर. त्यातून ११६ गेले की उरले ६४ अंश. म्हणजे गुरूवरून पाहिलं तर यान आता ५.६४ च्याच वेगाने, पण पुढच्या दिशेपासून ६४ अंश बाहेर झुकून चाललं आहे. याचे दोन तुकडे करा: गुरूच्या चालीच्या दिशेने २.४६ आणि सूर्यापासून बाहेरच्या दिशेने ५.०८.

आता सूर्याच्या बाजूने बघायचं म्हणजे गुरूचा वेग त्यात मिळवायचा. चालीच्या दिशेने १३.०६ अधिक २.४६ म्हणजे १५.५२. बाहेरच्या दिशेने ५.०८ तसेच. दोन्हींचा मिळून वेग येतो १६.३. यान आलं ७.४ ने, गेलं १६.३ ने.

याचा अर्थ काय होतो ते कक्षेत बघा. गुरू मध्ये आला नसता तर हे यान गुरूच्या कक्षेला टेकून परत पृथ्वीच्या कक्षेकडे खाली आलं असतं. आता मात्र त्याची नवी कक्षा पृथ्वी-सूर्य अंतराच्या १९ पटींहून किंचित जास्त अंतरापर्यंत जाते. तिथे युरेनस फिरतो. गुरूपर्यंत जेमतेम पोचणारं यान एका वळणात युरेनसपर्यंत गेलं, इंजिन न पेटवता. (युरेनस त्या वेळी त्या जागी असायला हवा, ही अट वेगळी. तिच्याबद्दल पुढे.)

हा वेग गुरूच्या चालीतून आला आणि गुरू तेवढा मंदावला. यान ८०० किलोचं धरलं तर गुरूच्या चालीच्या दिशेने त्याला ८.१ किलोमीटर प्रति सेकंद मिळाले. गुरूचं वस्तुमान किलोत लिहायचं तर १९ च्या पुढे २६ शून्यं. त्यामुळे गुरूचा वेग इतका कमी होतो की सरळ गुणाकाराने एक लाख कोटी वर्षांत तो दहा-अकरा सेंटिमीटर मागे पडेल. ऊर्जा फुकट मिळाली असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. हिशेब पूर्ण जुळतो, फक्त देणारा इतका मोठा आहे की त्याच्या खात्यात फरक दिसत नाही. आणि हेच काम इंजिनाने करायचं ठरवलं तर? दिशा आणि वेग मिळून बदल होतो ९.६ किलोमीटर प्रति सेकंद. अवकाशयानांवरची नेहमीची द्रव इंधनाची इंजिनं सुमारे ३.१ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने झोत सोडतात. त्या हिशेबाने यानाच्या दर किलोमागे वीस किलोंहून जास्त इंधन गुरूपर्यंत वाहून न्यावं लागेल. इतकं कुणी नेऊ शकत नाही, म्हणून बाहेरच्या ग्रहांचा जवळपास प्रत्येक प्रवास गुरूच्या वाटेने जातो.

जितकं जवळ तितकं चांगलं का?

काही अंशी हो. वरच्याच उदाहरणात अंतर बदलून बघा. वीस त्रिज्यांवरून गेलं तर शेवटचा वेग १४.६, दहा त्रिज्यांवरून १६.३, पाच त्रिज्यांवरून १७.४. ढगांना चाटून गेलं तरी १८.४ च. पूर्ण उलटं वळण मिळालं असतं, म्हणजे १८० अंशांचं, तर १३.०६ अधिक ५.६४ म्हणजे १८.७ ही या यानाची कमाल मर्यादा. त्याच्या पलीकडे गुरू कितीही जवळ असला तरी काही देऊ शकत नाही. सुरुवातीला जवळ जाण्याचा फायदा भरपूर आणि नंतर तो आटत जातो, हे या आकड्यांत दिसतं.

गंमत म्हणजे गुरूच्या कक्षेपाशी सूर्याला कायमचं सोडून जायला १८.४७ लागतात. होमान मार्गाने आलेलं यान ढगांना चाटूनही या आकड्याच्या किंचित खाली राहतं. व्हॉयेजर २ सूर्याला सोडून गेलं ते त्याने हा मार्ग घेतला नाही म्हणून. ते पृथ्वीवरूनच जास्त वेगाने निघालं होतं आणि दोन वर्षांच्या आतच गुरूपाशी पोचलं, म्हणजे गुरूच्या संदर्भातला त्याचा वेग आमच्या ५.६४ पेक्षा जास्त होता. वळवायला जितका वेग जास्त, तितका वळणाचा फायदा जास्त.

पण वेग फार झाला तर यान गुरूजवळ टिकतच नाही, ओढ लागायच्या आत निसटतं आणि वळण कमी होतं. या दोन गोष्टींच्या मधे एक उत्तम जागा असते आणि तिचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: एखाद्या अंतरावरून जाताना ग्रह जास्तीत जास्त जेवढा वेगबदल देऊ शकतो, तो त्या अंतरावर ग्रहाभोवती वर्तुळात फिरायला लागणाऱ्या वेगाइतका असतो. गुरूच्या दहा त्रिज्यांवर हा वेग १३.३ आहे. पृथ्वीच्या अगदी जवळ सुमारे ७.९, शुक्राजवळ सुमारे ७.३ आणि मंगळाजवळ फक्त साडेतीनच्या आसपास. मंगळ वाटेत असूनही मोठ्या प्रवासात शुक्र आणि पृथ्वीचेच फेरे का घेतात, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. कॅसिनी शनीकडे निघालं तेव्हा आधी आत, शुक्राकडे गेलं. शुक्राजवळून दोनदा, मग पृथ्वीजवळून, मग गुरूजवळून आणि मग शनी.

गुरूच्या बाबतीत जवळ जाण्याला आणखी एक मर्यादा आहे: प्रारणपट्टे. आयो हा चंद्र गुरूच्या केंद्रापासून सहा त्रिज्यांच्या आत फिरतो आणि त्या भागात वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा भयंकर असतो. डिसेंबर १९७३ मध्ये पायोनियर १० तीन त्रिज्यांच्या आत गेलं तेव्हा या माऱ्यामुळे त्याच्या उपकरणाला खोट्या आज्ञा मिळाल्या आणि आयोची छायाचित्रं हातची गेली. पाच त्रिज्यांवर मिळणारा एक किलोमीटर प्रति सेकंद हवा असेल तर यानावर तितकं चिलखत चढवावं लागतं, म्हणजे वजन आलं. न्यू होरायझन्सने उलटा निर्णय घेतला. फेब्रुवारी २००७ मध्ये ते गुरूपासून तब्बल २३ लाख किलोमीटरवरून गेलं, तरी त्याला सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर मिळाले आणि प्लूटोचा प्रवास तीनेक वर्षांनी कमी झाला. त्या यानाच्या उड्डाणाला उशीर होऊन फेब्रुवारी २००६ च्या सुरुवातीचे दिवस टळले असते तर गुरू त्याच्या वाटेतून पुढे गेला असता आणि तेच यान कित्येक वर्षं उशिरा पोचलं असतं. युरेनस जागेवर असण्याची जी अट वर आली ती ही. ग्रह आपल्या वेळेने चालतात, उड्डाणाची तारीख त्यांच्या हिशेबाने ठरते. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चारही ओळीने गाठता येतील अशी रचना १७० हून जास्त वर्षांनी एकदा येते. व्हॉयेजर १९७७ मध्ये निघालं ते यासाठी.

नेम कुठे धरायचा

नवख्या माणसाचा गोंधळ इथे होतो. यान दहा त्रिज्यांवरून जायला हवं म्हणून दहा त्रिज्यांवर नेम धरला तर ते गुरूच्या कितीतरी जास्त जवळ जाईल, कारण येता येता गुरू त्याला स्वतःकडे ओढत असतो. म्हणून गुरूच्या केंद्रातून जाणारं, यानाच्या येण्याच्या दिशेला काटकोनात असलेलं एक काल्पनिक पटल धरतात. त्याला बी-प्लेन म्हणतात. गुरूने ओढलंच नसतं तर यान या पटलाला जिथे भेदून गेलं असतं, त्या बिंदूवर नेम धरायचा. आपल्या उदाहरणात तो बिंदू केंद्रापासून २४ लाख ९० हजार किलोमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ ३५ त्रिज्यांवर. ३५ त्रिज्यांवर नेम धरला की दहा त्रिज्यांवरून यान जातं.

नेमात १००० किलोमीटरची चूक राहिली असं धरू. वळणाचा कोन थोडा बदलेल आणि त्यामुळे बाहेर पडताना यानाच्या वेगात सुमारे २ मीटर प्रति सेकंद फरक पडेल. १६,३०० मीटर प्रति सेकंदात २ मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दोन वर्षांत तेच २ मीटर सव्वा लाख किलोमीटर होतात आणि पुढचा ग्रह चुकतो. फ्लायबाय म्हणजे चुकीचं भिंगच आहे: आत जी बारीक चूक गेली ती बाहेर मोठी होऊन येते.

म्हणून दुरुस्ती आधी करायची. तीच १००० किलोमीटरची चूक गुरू येण्याच्या १०० दिवस आधी दुरुस्त केली तर १२ सेंटिमीटर प्रति सेकंदाचा धक्का पुरतो. १०० दिवसांत तो १००० किलोमीटर होतो. नंतर करायची तर २ मीटर, म्हणजे १७ पट इंधन. पण फार आधी करूनही चालत नाही, कारण तेव्हा चूक नेमकी किती आहे हेच पक्कं माहीत नसतं. यानाची जागा रेडिओ लहरींनी मोजता येते, पण ती पृथ्वीच्या संदर्भात. गुरूच्या संदर्भात यान कुठे आहे हे कळायला गुरूची स्वतःची जागाही तितक्याच बारकाईने माहीत हवी. त्यासाठी यानाचा कॅमेरा गुरूच्या चंद्रांकडे रोखून मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्यांचे फोटो घेतात. जसजसं यान जवळ जातं तसतसा हा अंदाज घट्ट होत जातो. एक दुरुस्ती लवकर, मोठी चूक काढायला, आणि एक शेवटची, अंदाज घट्ट झाल्यावर उरलेली बारीक चूक काढायला, अशी ती विभागतात.

लहान ग्रहाच्या जवळून जाताना हे सगळं कैक पटींनी कडक होतं. गॅलिलिओ यान डिसेंबर १९९२ मध्ये पृथ्वीपासून फक्त ३०३ किलोमीटर उंचीवरून गेलं. त्याचा पृथ्वीच्या संदर्भातला वेग सुमारे ८.९ होता. तिथे बी-प्लेनमधली १ किलोमीटरची चूक बाहेर ६५ सेंटिमीटर प्रति सेकंद होऊन येते. आपल्या गुरूच्या उदाहरणात १ किलोमीटरची चूक २ मिलिमीटर देते. तीनशे पटींचा फरक आहे. वळण त्या लहानशा जागेत, मिनिटांत उरकतं म्हणून असं होतं.

पृथ्वीच्या फ्लायबायमध्ये आणखी एक काळजी असते. यान नियंत्रणाबाहेर गेलं तर ते पृथ्वीवर येऊन आदळता कामा नये. कॅसिनीवर प्लुटोनियमची वीजभांडी होती. १८ ऑगस्ट १९९९ ला ते १,१७१ किलोमीटर उंचीवरून गेलं, पण आधीचे महिने त्याचा नेम मुद्दाम त्याहून दूर ठेवलेला होता आणि तो टप्प्याटप्प्याने आत आणला. मधे कुठेही संपर्क तुटला असता तर यान पृथ्वीला टाळून निघून गेलं असतं. इंधन थोडं जास्त गेलं, पण हा व्यवहार योग्यच होता.

कुठल्या बाजूने जायचं

ग्रहाच्या मागून गेलं तर वेग वाढतो, पुढून गेलं तर कमी होतो. कारण सोपं आहे. यान सगळ्यात जवळ असतं तेव्हा ओढ सगळ्यात जास्त असते, आणि तेव्हा यान ग्रहाच्या मागे असेल तर ती ओढ पुढच्या दिशेने पडते. ग्रहाच्या पुढे असेल तर मागे खेचते. बाजू बदलली की चिन्ह बदलतं. आमच्या उदाहरणात मात्र एक विशेष गोष्ट आहे: यान गुरूच्या थेट उलट दिशेने येत असल्याने त्याचा वेग आधीच शक्य तितका कमी आहे, म्हणून ते कुठल्याही बाजूने वळलं तरी वेग वाढतोच. सूर्याकडच्या बाजूने गेलं तर बाहेर फेकलं जातं. बाहेरच्या बाजूने गेलं तर वेग तितकाच मिळतो, पण आधी आत झुकून, सूर्याभोवती थोडं फिरून मग बाहेर जातं. साधारणपणे यान तिरकं येतं आणि तिथे बाजू चुकणं म्हणजे मोहीमच चुकणं.

वेग कमी करणं ही नेहमी चूकच असते असं नाही. सूर्याच्या जवळ उतरायला वेग कमीच करावा लागतो. बुधाभोवती थांबायचं म्हणून मेसेंजर यानाने पृथ्वीजवळून एक, शुक्राजवळून दोन आणि खुद्द बुधाजवळून तीन फेरे मारून वेग झाडला आणि मग मार्च २०११ मध्ये ते बुधाच्या कक्षेत शिरलं. आणि व्हॉयेजर २ ची शेवटची भेट, ऑगस्ट १९८९ मधली नेपच्यूनची, तिथेही त्याचा वेग घटला. ट्रायटन या चंद्राजवळून जायचं होतं म्हणून यान नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून नेऊन खाली वळवलं. पुढे कुठला ग्रह गाठायचा नव्हता, म्हणून त्या घटीची पर्वा कुणी केली नाही.

जवळ असताना इंजिन पेटवलं तर?

हा प्रश्न हटकून येतो. फायदा होतो आणि तो मोठा असतो. दहा त्रिज्यांवर, १९.६५ च्या वेगात असताना पुढच्या दिशेने १०० मीटर प्रति सेकंदाचा धक्का दिला तर लांब गेल्यावर ५.६४ चे ५.९८ होतात, म्हणजे १०० चे जवळजवळ ३४०. वेगात असताना इंधन जाळलं की त्याचा फायदा वाढतो, याला ओबर्थ परिणाम म्हणतात. हा ग्रॅव्हिटी असिस्टपेक्षा वेगळा परिणाम आहे. ग्रह स्थिर असता तरी तो मिळाला असता. दोन्ही एकत्र आले तरी त्यांची गल्लत करू नये.

तरीही बाहेरच्या मोहिमा फ्लायबायच्या ऐन वेळी इंजिन पेटवायचं शक्यतो टाळतात, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. ज्या पटीने फायदा वाढतो त्याच पटीने इंजिनाची चूकही वाढते. धक्का एक टक्का कमी पडला किंवा काही सेकंद उशिरा लागला तर तो फरक साडेतीनपट होऊन बाहेर येतो, आणि त्यावर दिशाही बिघडते. शिवाय गुरूपासून पृथ्वीपर्यंत संदेश यायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागतो. काही बिघडलं हे कळेपर्यंत यान पुढे निघून गेलेलं असतं.

जमलं की नाही हे कसं कळतं

यानाच्या रेडिओ लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक, म्हणजे डॉप्लर, सतत मोजला जातो. त्यातून पृथ्वीच्या दिशेतला यानाचा वेग मिलिमीटर प्रति सेकंदापेक्षाही बारीक कळतो. आधी काढलेल्या मार्गावरून ही वारंवारता प्रत्येक क्षणाला किती असायला हवी हे माहीत असतं. मोजलेल्या आकड्यातून ते वजा करायचं आणि उरलेला फरक आलेखावर मांडायचा. जवळ जाताना वेग काही तासांत कितीतरी किलोमीटरने बदलत असतो, तरी हा उरलेला फरक शून्याच्या रेषेवर सपाट राहिला तर नेम बरोबर लागला. जवळच्या बिंदूनंतर तो एकाएकी पायरीसारखा सरकला आणि तिथेच राहिला, तर वळणाचा कोन चुकला आहे, आणि पायरीची उंची वेगातल्या चुकीचा पृथ्वीच्या दिशेतला भाग दाखवते. फरक हळूहळू वाढत गेला तर कारण वेगळं असतं. यानावरून वायू गळतो आहे किंवा सूर्यप्रकाशाचा दाब हिशेबात चुकीचा धरला आहे, असे संशय मग तपासतात.

पायरी दिसली की घाई करावी लागते, पण एक-दोन दिवस मोजमाप जमू देऊन मगच. वरचीच १००० किलोमीटरची चूक घ्या: २ मीटर प्रति सेकंदाची ती पायरी दर दिवशी यानाला ठरलेल्या वाटेपासून १७५ किलोमीटर लांब नेते. आठवड्यात दुरुस्ती झाली तर हजार-बाराशे किलोमीटरचा फरक पडतो आणि तो २ मीटरच्या धक्क्यात जवळजवळ पूर्ण भरून निघतो. पुढच्या ग्रहाच्या जितकं जवळ जाऊन तीच दुरुस्ती करायची, तितका कमी वेळ उरलेला असतो आणि तितकं जास्त इंधन लागतं.